आजीच्या फोटोत कपाळावर पट्टी आहे, तिच्याखाली गोंदणही झाकलं गेलंय. कशी काढावी?

बाभूळबन
नमस्कार मंडळी. आम्ही दिग्रस तालुक्यातले. पुढच्या महिन्यात आजीचं वर्षश्राद्ध आहे आणि तोवर तिचा मोठा फोटो भिंतीवर लागावा अशी बाबांची फार इच्छा आहे. तिचा अलीकडचा, चेहरा मोठा आणि मोकळा दिसणारा एकच फोटो आहे, माझ्या चुलतभावाच्या साक्षगंधातला. मांडवात खुर्चीवर बसली आहे, डोक्यावर पदर आहे आणि छान हसते आहे. पण त्याच्या दोन दिवस आधी ती सांदवाडीत घसरून पडली होती. त्यामुळे डाव्या भुवईच्या वर कापूस आणि पांढऱ्या चिकटपट्टीचं चौकोनी ड्रेसिंग आहे. वरचा कोपरा केसांत गेलाय आणि आतला खालचा कोपरा कपाळाच्या मधल्या गोंदणावर आलाय.

गावाजवळच्या एका स्टुडिओतून पट्टी काढून आणली. पट्टी गेली, पण त्या जागी कपाळ गुळगुळीत झालं आणि घमेल्याला पोचा यावा तशी मधेच खळगी दिसते. आई म्हणाली, ही आपली आजी नाही. माझ्या लॅपटॉपवर गिम्प आहे, थोडंफार येतं. स्वतः करायची तयारी आहे. कुठून सुरुवात करू?

क्लिक_क्लिक
सोपं काम आहे. फोटोशॉपमध्ये पट्टीभोवती निवड करा, `Edit > Content-Aware Fill` करा, दहा मिनिटांत मोकळे. उरलेले डाग स्पॉट हीलिंगनं पुसा. आणि आधी `Image Size` मध्ये जाऊन ७२ चं ३०० करा, म्हणजे मोठा प्रिंट फुटणार नाही.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, आमच्याइकडं बी असंच झालं होतं. बाबाजीच्या फोटोवर कोणंतरी चिकटपट्टी लावून ठेवली होती, बरोबर कपायावर. माह्या चुलतभावानं वढली, तं फोटोचा रंगच पट्टीसंगं निघून आला. तुमी वढू नका. गरम पाण्याची वाफ देऊन पाहा, हळूहळू सुटंल.

बाभूळबन
दादा, पट्टी फोटोच्या कागदावर नाही, आजीच्या कपाळावर होती, म्हणजे फोटोतच आली आहे. मोबाइलवरचा फोटो आहे.

डार्करूम
वऱ्हाडी_ठेचा भाऊंच्या सल्ल्याचं आधी सांगतो, कारण त्यात नुकसान होऊ शकतं. फोटोच्या कागदाला वाफ देऊ नका. रंग जिलेटिनच्या थरात असतो आणि तो थर ओलाव्यानं फुगून मऊ होतो. मग पट्टीबरोबर आणखी सोलून येतो. कागदावर अशी पट्टी असेल तर ती आहे तशी राहू द्या, आधी तो फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या, पुढचं काम त्या स्कॅनवरच करा.

आता बाभूळबन. अमरावतीला स्टुडिओत मी निगेटिव्हच्या काळापासून हेच काम करत आलो. तेव्हा निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं सुरकुत्या हलक्या करायचो, आणि अशी पांढरी पट्टी निगेटिव्हवर काळीकुट्ट दिसायची, ती पात्यानं खरवडावी लागायची. आज साधनं बदलली, अडचण तीच आहे. दोन गोष्टी विचारतो. तुमच्याकडे फोटोची मूळ फाइल आहे की व्हॉट्सअॅपवर आलेली? आणि गोंदण नीट दिसतं असा आजीचा दुसरा एखादा फोटो आहे का, कितीही जुना असला तरी चालेल?

बाभूळबन
माझ्याकडे व्हॉट्सअॅपची आहे, १२०० बाय १६०० पिक्सेलची. फोटो आतेभावाच्या फोनवर काढला होता. जुना फोटो म्हणजे १९९८ चा काकांच्या लग्नातला ग्रुप फोटो आहे, त्यात आजी दुसऱ्या रांगेत आहे.

डार्करूम
आतेभावाला सांगा, गॅलरीतून मूळ फोटो काढून व्हॉट्सअॅपवर `Document` म्हणून पाठव. साधा फोटो म्हणून पाठवला की तो पुन्हा लहान होईल. मूळ फाइल मिळाली तर अर्धं काम तिथंच होतं. तुमच्या फाइलमध्ये आजीचा चेहरा किती पिक्सेल रुंद आहे ते मोजा आणि मूळ फाइलमध्येही मोजा.

क्लिक_क्लिक, ७२ चं ३०० केल्यानं फोटोत नवं काही येत नाही. `Resample` बंद असेल तर पिक्सेल तेवढेच राहतात, फक्त छापताना एका इंचात किती बसवायचे तो आकडा बदलतो. पिक्सेल वाढवले तरी सॉफ्टवेअर मधल्या जागा अंदाजानं भरतं, त्वचेचा पोत काही आणत नाही.

बाभूळबन
मूळ फाइल मिळाली! ३००० बाय ४००० आहे. चेहरा व्हॉट्सअॅपच्या फोटोत साधारण २८० पिक्सेल रुंद होता, यात ७०० आहे. पट्टी जवळपास २०० पिक्सेल. आणि मोठं करून पाहिलं तर यात कपाळावरचे बारीक छिद्रंसुद्धा दिसतात, त्या फाइलमध्ये नुसते चौकोनी ठिपके होते.

क्लिक_क्लिकदादांनी सांगितलेलं मित्राच्या फोटोशॉपवर करून पाहिलं. पट्टीच्या जागी दुसरी भुवई उगवली आणि वरच्या बाजूला पदराच्या काठाचा तुकडा आला.

क्लिक_क्लिक
अरे हो, ते होतं. त्या खिडकीत हिरवा भाग दिसतो ना, तिथूनच ते माल उचलतं. भुवई, डोळा, पदर, सगळं हिरव्यातून पुसून टाका, फक्त कपाळाची उघडी कातडी ठेवा. मग भुवई नाही येणार.

डार्करूम
हे बरोबर सांगितलंत, तेवढं केलं तर निदान खालचा थर बरा मिळतो. पण या फोटोत ते पुरणार नाही आणि त्याचं कारण उजेडात आहे. बाभूळबन, मला सांगा, मांडवात उजेड कुठून येत होता?

बाभूळबन
आपण फोटोकडे पाहतो तेव्हा आपल्या डाव्या हाताकडून. मांडवाची ती बाजू उघडी होती. दुसऱ्या बाजूला गुलाबी कापडाची कनात होती.

डार्करूम
मग पट्टी सावलीच्या बाजूला आहे. कपाळ सपाट नसतं, कानशिलाकडे वळत जातं. आजीचं कपाळ मध्यभागी उजळ असणार, कानशिलाकडे हळूहळू गडद होत असणार आणि त्या कडेला कनातीचा गुलाबीपणा असणार. पट्टीखाली नेमका हा उतार झाकला गेला आहे. तुमच्या स्टुडिओवाल्यानं एकाच जागेची कातडी उचलून तिथं बसवली, किंवा आजूबाजूचं पसरवून धूसर केलं. त्यानं उतार मोडला, म्हणून खळगी दिसते. पोत नंतर येतो, आधी हा उतार परत बांधायचा.

हीलिंग ब्रश एका ठिकाणाहून पोत घेतो, पण रंग आणि उजेड जिथं लावतोय त्याच्या आजूबाजूचा घेतो. म्हणून छोट्या डागावर तो उत्तम चालतो. पण पट्टीवर लावला की आजूबाजूला पांढरंच असतं, मग कडेनं पांढुरकं, राखेसारखं फासलं जातं. पट्टीच्या पांढऱ्या रंगाला हीलिंग ब्रशचा स्पर्शच होता कामा नये.

तुम्ही असं करा. मूळ लेयरची प्रत करा, मूळ बंद करून ठेवा, फाइल `.xcf` म्हणून साठवा. पट्टीभोवती निवड करा, पण पट्टीच्या कडेवर नाही, आठ-दहा पिक्सेल बाहेरून. ड्रेसिंगला जाडी असते, तिची बारीक सावली बाहेर पडलेली असते, आणि चिकटपट्टीनं ताणलेली कातडी लालसर असते. ते आत घेतलं नाही तर पट्टी गेल्यावरही तिचा चौकोन दिसत राहतो. निवडीच्या कडा तीन-चार पिक्सेल मऊ करा.

मग रंग भरा. कलर पिकरला `Sample average` लावा, म्हणजे एका पिक्सेलचा नाही तर छोट्या भागाचा सरासरी रंग येईल. पट्टीच्या चारी बाजूंनी रंग उचला. कपाळाच्या मध्याकडचा, भुवईच्या वरचा, केसांच्या खालचा, कानशिलाकडचा. मोठ्या मऊ ब्रशनं, कमी ऑपॅसिटीवर, ज्या बाजूचा रंग त्या बाजूला लावत मध्यापर्यंत आणा. शेवटी त्याच निवडीत `Gaussian Blur`, रंगांचे पट्टे एकमेकांत मिसळेपर्यंत. या टप्प्याला कपाळ मेणाचं दिसेल. दिसू द्या. फक्त दूरून पाहून उतार बरोबर वाटतो का ते बघा.

रानपाखरू
मी हे काम करत नाही, पण एक सुचवू का? आमच्याकडे असं काही असलं की त्यावर मोठं कुंकू लावून घेतात. फोटोतच मोठा टिळा काढला तर निम्मी पट्टी झाकली जाईल आणि काम सोपं होईल.

बाभूळबन
ताई, आबाजी जाऊन खूप वर्षं झाली होती. तेव्हापासून आजीनं कुंकू लावलं नव्हतं. फोटोत लावलं तर घरातल्या बायांना ते पाहवणार नाही. आणि पट्टी भुवईच्या वर आहे, टिळा तिथं यायचा नाही.

रानपाखरू
समजलं. माफ करा, तो विचार मनात आला नाही.

बाभूळबन
डार्करूम काका, उतार जमला. खळगी गेली! आरसा करून पाहिलं, तसं मित्रानं सांगितलं होतं. `View > Flip & Rotate > Flip Horizontally`. उलटं केलं की चूक लगेच दिसते. कानशिलाकडे अजून थोडा गडदपणा लागत होता, तो दिला. आता पोत?

डार्करूम
आरशाची युक्ती चांगली आहे. तिच्यासोबत आणखी एक करा. `Layer > New from Visible`, मग `Colors > Desaturate`, मग त्याच लेयरवर `Curves` नं कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवा. रंगामुळे जे डाग डोळ्याला कळत नाहीत ते काळ्यापांढऱ्यात उठून दिसतात. हा लेयर फक्त पाहण्यापुरता वापरा, मग तो बंद करून काम खालच्या लेयरवर करा.

आता पट्टीच्या जागी कातडीचा रंग आहे, पांढरं काही उरलं नाही, त्यामुळे हीलिंग ब्रश सुरक्षित आहे. गिम्पमध्ये तो रिकाम्या लेयरवर नीट चालत नाही, म्हणून आतापर्यंतचं सगळं एकत्र केलेल्या प्रतीवर वापरा. `Ctrl` दाबून जिथून पोत घ्यायचा तिथं क्लिक करायचं. उजळ बाजूच्या कपाळावरून घेऊ नका. तिथं उजेड सरळ पडतो, छिद्रांच्या सावल्या वेगळ्या असतात. पट्टीच्या वर आणि कानशिलाकडे जी थोडी उघडी कातडी आहे तिथून घ्या. छोटे छोटे ठोके मारा, लांब फराटे नको, आणि दर थोड्या वेळानं उचलायची जागा बदला. नाही तर एकच तीळ किंवा एकच छिद्र शेजारी शेजारी दोनदा दिसतं आणि डोळा तिथंच अडकतो.

आजीच्या कपाळावर आठ्या आहेत का?

बाभूळबन
तीन आहेत. वरच्या दोन पट्टीखाली जातात आणि पलीकडे कानशिलाकडे निघतात. खालची पट्टीखाली जाते, पलीकडे दिसत नाही.

डार्करूम
छान, म्हणजे दोन आठ्यांचे दोन्ही टोकं तुमच्या हातात आहेत. मधला रस्ता सरळ रेषेत जोडू नका. भुवईच्या वर आठी जराशी वर चढते आणि कानशिलाकडे उतरते. क्लोन टूलनं त्याच आठीचे छोटे तुकडे पुढे सरकवत न्या. वळण आलं की तुकडा वेगळा कॉपी करून फिरवून बसवा. आठी म्हणजे नुसती काळी रेघ नाही. तिच्या कडेला उजेड धरणारी बारीक उंच कड असते. ती नसेल तर पेनानं रेघ ओढल्यासारखी दिसते. तिसरी आठी पट्टीखाली कुठं तरी संपली असणार, ती हळूहळू विरत नेऊन सोडा.

आठ्या अजिबात काढून टाकू नका, कोणी सुचवलं तरी. तुमच्या आईला आजी ओळखू आली नाही, त्याचं एक कारण तेच असणार.

क्लिक_क्लिक
आणि शेवटी थोडा नॉइज टाका. मोबाइलच्या फोटोत सगळीकडे दाणे असतात, आपण रंगवलेल्या जागी नसतात. प्रिंटमध्ये तो तुकडा वेगळा कळतो.

डार्करूम
अगदी बरोबर. गिम्पमध्ये `RGB Noise`, त्यात `Independent RGB` ची खूण काढा म्हणजे रंगीत ठिपके येणार नाहीत. आकडा अगदी लहान ठेवा आणि १०० टक्के झूमवर शेजारच्या कातडीशी ताडून पाहा.

सुलभाताई_वाशीम
मी उशिरा वाचते आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. पट्टी काढायलाच हवी का? माझ्या सासूबाईंच्या शेवटच्या फोटोत हाताला सलाईनची पट्टी आहे. आम्ही तशीच ठेवली. त्या दिवसांत त्या जशा होत्या तशा आहेत. पट्टी असूनही तुमच्या आजी साक्षगंधाला आल्या आणि हसल्या, हेही फोटोत आहे ना?

बाभूळबन
ताई, माझी आत्या हेच म्हणते. ती म्हणते, दुखत असतानाही माय नातवासाठी बसली होती. बाबांना मात्र ती पट्टी पाहिली की पडल्याचा दिवस आठवतो, त्यांना रोज समोर ती नको आहे. दोघांचंही मला पटतं. भिंतीवर बाबांचा लागेल. आत्याला पट्टी असलेला छापून देणार आहे, मूळ फाइलला हात न लावता.

आता गोंदण. मध्ये उभी रेघ आहे, ती पूर्ण दिसते. तिच्या उजेडाच्या बाजूला दोन टिपके दिसतात. पट्टीच्या बाजूचे झाकले गेलेत. आई म्हणते तिकडेही दोनच होते. आत्या म्हणते तीन होते, एक खाली भुवईकडे सरकलेला. १९९८ च्या ग्रुप फोटोत आजीचं डोकं नखाएवढं आहे, स्कॅन केलं तर गोंदण म्हणजे एक हिरवट धब्बा दिसतो.

क्लिक_क्लिक
उजेडाच्या बाजूचे दोन टिपके आरशासारखे पलटून टाका. कोणाला कळणार?

सुलभाताई_वाशीम
घरच्यांना कळेल. गोंदणारीण हातानं सुया टोचायची, दोन्ही बाजू कधी सारख्या येत नाहीत. माझ्या आईच्या हनुवटीवरचं गोंदण एका बाजूला कललेलं होतं, तीच तिची ओळख होती.

डार्करूम
मलाही पलटून टाकणं पटत नाही. कातडीचं छिद्र कुठंही असलं तरी चालतं, कारण ते कोणाच्या लक्षात नसतं. गोंदण लक्षात असतं. ग्रुप फोटोची निगेटिव्ह मिळते का पाहा, काकांच्या अल्बममध्ये मागच्या पाकिटात असते पुष्कळदा. निगेटिव्ह चांगल्या स्कॅनरवर स्कॅन केली तर प्रिंटपेक्षा जास्त बारकावा निघू शकतो. आधार कार्डाच्या फोटोचा उपयोग होणार नाही, तो फार लहान असतो.

टिपके काढायचे ठरले तर काळ्या रंगानं काढू नका. दिसणारा टिपकाच क्लोन करा आणि किंचित फिरवा. जुनं गोंदण कातडीच्या आत असतं, वयानं पसरतं, कडा विरलेल्या असतात आणि रंग निळसर हिरवा होतो. सावलीच्या बाजूला ते आणखी मंद दिसेल, म्हणून ऑपॅसिटी थोडी उतरवा.

बाभूळबन
निगेटिव्ह नाही मिळाली, वाळवीनं ते कपाटच खाल्लं होतं. पण बाबांना आठवलं की आजीची धाकटी बहीण पुसदकडे आहे आणि दोघींनी एकाच दिवशी, एकाच बाईकडून गोंदून घेतलं होतं. रविवारी जाऊन तिला विचारणार आहे.

वऱ्हाडी_ठेचा
त्या मावशीच्या कपायाचा फोटो बी काढून आणजा भाऊ. उजेडात, जवळून. गोंदणाचा रंग कसा दिसते ते कळंल.

डार्करूम
हे फार उत्तम सुचवलंत.

बाभूळबन
जाऊन आलो. मावसआजीचं गोंदण जवळून पाहिलं. तिच्या कपाळावर रेघेच्या एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला तीन टिपके आहेत. पण ती म्हणते, ताईचं माझ्यासारखं नव्हतं, तिनं रडून हात सोडवून घेतला होता, तिचं अर्धंच राहिलं. आता आई म्हणते पाहा, दोनच होते. आत्या म्हणते, मावशीला आता नीट आठवत नाही. मी रेघेला लागून असलेला एक टिपका केला आहे, जो सगळ्यांना मान्य आहे. दुसऱ्याची आणि तिसऱ्याची जागा मोकळी ठेवली आहे, वेगळ्या लेयरवर, म्हणजे नंतर टाकता येतील. घरात अजून ठरलं नाही.

बाकी कपाळ झालं. केसांच्या कोपऱ्यात पदराखालून येणारे चार-पाच पांढरे केस बारीक ब्रशनं ओढून घेतले. आईनं पाहिलं आणि काही बोलली नाही, फक्त फोन हातात धरून बसली. आता प्रिंट. १२ बाय १८ चा हवा आहे. यवतमाळला लॅबमध्ये देणार.

डार्करूम
चेहरा ७०० पिक्सेल आहे, म्हणजे खांद्यापर्यंत कापलंत तर साधारण १८०० बाय २७०० मिळेल. १२ बाय १८ वर ते १५० डीपीआय होतं. भिंतीवर, चार-पाच फुटांवरून पाहायला ठीक आहे. कंबरेपर्यंत ठेवलं तर चेहरा लहान होईल पण जास्त नितळ येईल, बाबांना काय आवडतं ते विचारा.

मोठा प्रिंट एकदम देऊ नका. मोठ्या फाइलमधून फक्त कपाळ आणि डोळ्यांचा भाग, त्याच १५० डीपीआयवर, म्हणजे ६०० बाय ९०० पिक्सेल कापून ४ बाय ६ चा प्रिंट काढा. मोठ्या फोटोत कपाळ नेमकं तेवढंच दिसणार आहे. तो दिवसाच्या उजेडात, ओसरीत धरून पाहा. पट्टीची जागा कळत असेल तर बहुधा रंगात कळेल, पोतात नाही. गुलाबीपणा कमी-जास्त वाटला तर तिथं थोडा सुधारा. कागद मॅट घ्या. चकचकीत कागदावर दाराचा उजेड परततो. आणि काउंटरवर स्पष्ट सांगा की ऑटो करेक्शन बंद ठेवा. ते चालू असलं की मशीन सावलीची बाजू उजळ करतं आणि तुम्ही बांधलेला उतार पुन्हा सपाट होतो.